काट्यावर न जाणारी चादर

वॉशिंग मशीनचं बेअरिंग गेलं आणि ती विमान उतरत असल्यासारखा आवाज करू लागली, तेव्हा नवी घ्यायची नाही, महिन्याची लाँड्री लावायची, असं मुलाने ठरवलं. आधी ठरवलं आणि मग हिशेब करायला बसला.

तो विमा कंपनीत धोके मोजतो. त्याचं न ऐकणं हा घरात एक धोकाच समजला जातो. मशीनच्या प्लगला त्याने वीज मोजणारं यंत्र लावलं, पाण्याचा आकडा माहितीपुस्तिकेतून घेतला, पावडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. तो काटा पिठाचा आहे, एवढा विरोध नोंदवून बायको कामाला लागली.

महिनाभराने, रविवारी सकाळी, लाँड्रीवाला हुकाचा काटा घेऊन आला. तीस किलोपर्यंत ठरलेला दर, पुढे किलोमागे जादा, आठवड्यातून दोनदा नेणं-आणणं. मुलाचा हिशेब तयार होता. नव्या मशीनची किंमत आठ वर्षांवर पसरून, वर वीज, पाणी, पावडर धरली, तर लाँड्रीच स्वस्त पडत होती. एकच गोष्ट बसत नव्हती.

“रोज पहाटे कोणीतरी मशीन लावतंय,” तो म्हणाला. “आवाज ऐकून मला वाटायचं ही लावते, हिला वाटायचं मी. साठ अंशांवर. एका फेरीला जवळजवळ एक युनिट, पन्नास लिटर पाणी. कोण?”

गेल्या वर्षीच्या ऑपरेशननंतर वडील सगळ्यांच्या आधी उठत. व्यायाम करतात, असा घरात समज होता.

वडिलांनी पेपर खाली ठेवला. “मी. माझी चादर असते. रात्री भिजते.”

लाँड्रीवाला काट्याचा हुक निरखू लागला. मला सांगायचं ना बाबा, असं सून म्हणाली. बटण मला दाबता येतं, असं उत्तर मिळालं.

मुलगा सवयीने कागदाकडे वळला. मशीनच्या रकान्यात चादरी होत्या, लाँड्रीच्या रकान्यात नव्हत्या. घरचे कपडे अठ्ठावीस किलो. अर्ध्या किलोची एक, अशा तीस चादरी धरल्या की वजन मर्यादेच्या बरंच वर जात होतं.

“म्हणजे मशीनच स्वस्त, बाबा,” तो सुटल्यासारखा म्हणाला. “प्रश्नच मिटला.”

“कसला मिटला? उद्या यांनी दर उतरवला, की माझी चादर तीन दिवस पिशवीत ठेवून दारात हुकाला टांगणार का? नाही टांगायची. हिशेब काहीही येऊ दे. लिही तसं.”

आजची चादर राहिली होती, कारण चोर पकडायला मुलगा पहाटेपासून मशीनपाशी खुर्ची टाकून बसला होता. वडील आत गेले आणि ती घेऊन बाहेर आले. घडी नाही, आडोसा नाही. लाँड्रीवाल्याच्या गुडघ्यांना घासून ती दिवाणखान्यातून गेली. त्यांनी ती एकटीच मशीनमध्ये टाकली आणि बटण साठावर नेलं. अर्ध्या भाराबद्दल मुलाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. बायकोने पाहिलं, ते परत गेलं.

“काका,” लाँड्रीवाला म्हणाला, “एकच चादर पिळताना एका बाजूला गोळा होते, ड्रम आपटतो. दोन टॉवेल टाका सोबत.”

वडिलांनी यावर विचार केला.

“तुझे आण,” ते मुलाला म्हणाले.