जोडीचे माणिक

वडिलांच्या पश्चात दोघा भावांनी दुकान वाटून घेतले, राहते घर वाटून घेतले, जुनी गिऱ्हाइकेही वाटून घेतली. शेवटी वाटायची राहिली ती माणकांची एक जोडी. दोन्ही खडे लंबगोल, आकाराने सारखे आणि रंगाने इतके सारखे की पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले तर सराफाचीही जीभ अडखळावी. पहिला वडिलांनी तरुणपणी घेतला होता. त्याचा जोडीदार मिळावा म्हणून ते सारी हयात पुड्या उलगडत राहिले, आणि तो मिळाला तेव्हा त्यांचे हात थरथरू लागले होते. दोन्ही बर्माचे, असे ते सांगत. म्हाताऱ्या बापाच्या शब्दाला आव्हान देण्याचे कारण कोणालाच पडले नव्हते.

वाटणीची त्या घराची रीत अशी होती की थोरल्याने वाटे मांडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. या रीतीत अन्यायाला जागा नाही असे कोणीही म्हणेल. धाकट्याला मात्र लहानपणापासून वाटत आले होते की वाटा मांडणाऱ्याला वाटा ठाऊक असतो, आणि उचलणाऱ्याला फक्त हात असतो. शिवाय नजर थोरल्याची. ही गोष्ट बाजारात इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे बोलली जाई की ती बोलणाऱ्यांना आपण कोणाच्या वर्मावर बोट ठेवतो आहोत याची जाणीवही नसे. "दादांनी बघितलाय ना? मग झालं," असे म्हणून दलाल धाकट्याच्या हातातून पुडी काढून घेत. धाकटा विकण्यात हुशार होता. पण विकणाऱ्याला लोक शाबासकी देतात, पारखणाऱ्याला मान.

माडीवरच्या खोलीत संध्याकाळी दिवा लावून थोरल्याने दोन्ही पुड्या उलगडल्या. एक खडा त्याने चिमट्यात धरला, पाहिला, ठेवला. दुसरा धरला, तो दिव्याखालून दूर नेला, पुन्हा जवळ आणला, भिंगाखाली घेतला, आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"बारक्या," तो म्हणाला, "आज नको उचलूस. सकाळी ये. उत्तरेच्या खिडकीपाशी उजेडात बघू, मग निवड."

"का? दिव्याला काय झालंय?"

"दिव्याखाली सगळंच लाल दिसतं."

"रात्रभर खडे तुझ्याकडे राहणार का माझ्याकडे?"

"तुझ्याकडे ने. उशाशी घेऊन झोप."

"नको. आत्ताच उचलतो."

धाकट्याने खड्यांकडे पाहिलेच नव्हते. तो सारा वेळ भावाचा चेहरा पाहत होता. जो खडा दादाच्या चिमट्यातून सुटेना, तोच दादाला हवा आहे. आणि जो दादाला हवा, तो चांगला. हा तर्क त्याला इतका निर्दोष वाटला की त्याने तोच खडा उचलला आणि पुडीत बांधला. थोरला काही म्हणणार होता, तो गप्प राहिला. ते गप्प राहणे धाकट्याला फार गोड लागले.

दोघांनी आपापला खडा रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. माणकाच्या व्यापारात खड्याच्या वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या जन्मस्थानाला मोल असते. काश्मीरच्या नीलमाची मुख्य खाण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी थोडीच वर्षे भरभरून वाहिली आणि मग जवळजवळ आटली. बर्मातल्या मोगोकच्या माणकांना कित्येक पिढ्यांची ख्याती आहे, आणि उष्णतेचा संस्कार न झालेला, म्हणजे रंग खुलवायला न तापवलेला, मोठा, निर्मळ खडा तिथून आता क्वचित येतो. जे दुर्मीळ आहे आणि दुर्मीळ म्हणून गाजलेले आहे त्याला पैसे पडतात; सौंदर्य सारखे असले तरी गाव वेगळे असल्याची किंमत मोजावी लागते. हे न्याय्य आहे की नाही, यावर वाद घालता येईल. बाजाराने मात्र तो वाद केव्हाच निकालात काढला आहे.

अहवाल आले. थोरल्याचा धाकट्याला आधी कळला, तो दलालाच्या तोंडून.

"अभिनंदन. दादांचा मोगोक निघाला. संस्कार नाही, काही नाही. नशीब काढलं बुवा."

"आणि माझा?"

"तुमचा तुम्हालाच ठाऊक असणार. पाकीट फोडलं नाहीत का अजून?"

त्याने घरी जाऊन पाकीट फोडले. उष्णतेचा संस्कार नाही; मूळ मोझांबिक. बायको भाजी निवडत होती, ती म्हणाली, "अहो, मोझांबिकचा असला म्हणून काय तो काळा पडला?"

"तुला नाही कळायचं. त्याच्या एका खड्यात माझे असले सात येतील."

"मग भावजींकडे जाऊन भांडा. माझ्यावर का डाफरता?"

तो भावाकडे गेला नाही, प्रयोगशाळेत गेला. दोनच गोष्टी संभवत होत्या. एकतर त्या लोकांनी दादाला झुकते माप दिले होते, किंवा चूक केली होती. माणसाला हवे असलेले निष्कर्ष नेहमी दोनच असतात आणि तिसरा कोपऱ्यात उभा असतो, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

खोली अंधारी होती, आणि परीक्षक बाई, बांध्याने किरकोळ, बोलण्यात सावकाश, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी बसल्या होत्या.

"तुमच्याकडे माझ्या भावाचा खडा आला होता," तो म्हणाला.

"दुसऱ्याच्या खड्याविषयी मी बोलत नाही. आमच्या टेबलावर खडा येतो तेव्हा त्याच्यावर नंबर असतो, नाव नसतं. दोघं परीक्षक वेगवेगळे बघतात, एकमेकांना न विचारता. न जुळलं तर तिसरा. तुमच्या खड्यावर दोघांचं जुळलं होतं."

"चूक दोघांचीही होऊ शकते."

"होऊ शकते. मूळ हे आमचं मत असतं. पुष्कळदा खुणा सरमिसळ निघतात, मग आम्ही 'ठरवता येत नाही' असंही लिहितो. आणलाय का खडा?"

त्याने पुडी पुढे केली. बाईंनी कपाटातून दोन नमुने काढले. ते खाणींवर जाऊन प्रयोगशाळेच्या माणसांनी स्वतः गोळा केलेले होते. एक मोगोकचा, एक मोझांबिकचा. मध्ये त्याचा खडा ठेवून त्यांनी अतिनील दिवा लावला. मोगोकचा नमुना निखाऱ्यासारखा पेटला. मोझांबिकचा मंद लाल झाला. मधला कोणासारखा झाला हे सांगण्याची गरज उरली नाही.

"लोह," बाई म्हणाल्या. "लोह ही चमक दाबतं. मोगोकचं माणिक संगमरवरात जन्मतं, तिथं लोह कमी. मोझांबिकच्या खडकात जास्त. पण नुसत्या चमकेवर आम्ही सही करत नाही. इथं डोळा लावा."

त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले. खड्याच्या पोटात तिरपे पट्टे होते, बारीक कणांचे, आणि एका बाजूला एक गोलसर स्फटिक अडकला होता.

"अॅम्फिबोल. शेजारचं खनिज खड्यानं वाढताना गिळलेलं. मोगोकच्या पोटात बहुधा संगमरवरातलं कॅल्साइट सापडतं, आणि आखूड, दाट सुयांचं जाळं, त्याला रेशीम म्हणतात. मग कडेवर लेझरनं केसाच्या जाडीचा खड्डा पाडतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि त्या वाफेत लोह, व्हॅनेडियम, गॅलियम, मॅग्नेशियम किती ते मोजतो. हे आकडे नमुन्यांच्या आकड्यांत कुठे बसतात ते बघायचं. तुमचे मोझांबिकच्या घोळक्यात अगदी मधोमध बसले."

"आणि रंग? रंग तर सारखाच आहे."

"दिव्याखाली सारखा दिसेल. उजेडात बघितलात का?"

उजेडात बघ, हे त्याला आधीही कोणीतरी सांगितले होते. कोणी, हे आठवायला त्याला वेळ लागला नाही.

म्हणजे दादाला शंका त्याच संध्याकाळी आली होती. चिमट्यातून खडा सुटेना तो हाव म्हणून नव्हे, संशय म्हणून. आणि आपण त्याच्या कपाळावरच्या आठीला लोभ समजलो. एवढे समजल्यावर माणसाने स्वतःवर चिडावे. धाकटा भावावर आणखी चिडला. कारण आता दादाकडे मोगोकही होता आणि निर्दोषपणाही, आणि या दोहोंत दुसरा अधिक असह्य होता.

तो थेट माडीवर गेला. थोरला उत्तरेच्या खिडकीपाशी पुड्या निवडत बसला होता.

"तुला ठाऊक होतं," धाकटा म्हणाला.

"शंका होती. सकाळी ये म्हटलं होतं."

"सरळ सांगायचं की हा खडा नको घेऊ म्हणून."

"सांगितलं असतं तर तू दुसरा घेतला असतास? तू म्हणाला असतास, दादा फसवतोय, आणि हाच आणखी घट्ट धरला असतास."

धाकट्याने खुर्ची ओढली.

थोरल्याने आपली पुडी काढली. "तुझा दे." दोन्ही खडे त्याने पांढऱ्या कागदावर टाकले, दोनदा हलवले, आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे काय?"

"पुन्हा निवड. या वेळी माझं तोंड न बघता. जो उचलशील तो तुझा, त्याचा अहवालही तुझा."

"माझ्यावर उपकार?"

"उपकार कसले. बाबा गेल्यापासून तुझं हे फुगलेलं तोंड बघतोय. उरलेलं आयुष्य ते बघत बसायचं, त्यापेक्षा एक खडा परवडला. उचल लवकर, पाय दुखतात माझे."

भिंतीवर काहीच नव्हते. रंग उडालेला पोपडा आणि दादाची पाठ. पाठीवरून काही वाचता येत नव्हते. धाकट्याने नाइलाजाने, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, खड्यांकडे पाहिले. उत्तरेच्या थंड उजेडात एक खडा खोल, गडद, उजेड आपल्यापाशीच ठेवणारा होता. दुसरा आतून तापल्यासारखा उजळत होता, जणू त्याने दिवस गिळला होता. सांगायला कोणी लागले नाही. नजर त्यालाही होती. एवढी वर्षे ती दुसरीकडेच लागलेली होती.

त्याने तापलेला उचलला.

"उचललास?"

"हो."

"कुठला ते सांगू नकोस. जिना उतरलास की बघेन."

तो जिना उतरला. पुडी खिशात होती, त्यावर हात होता, आणि छातीत ती हलकी, पोरकट उडी होती जी जिंकणाऱ्याला येते. रस्ता ओलांडून त्याने वर पाहिले. खिडकीत दादा उभा होता. उरलेला खडा चिमट्यात धरून तो उजेडात इकडे तिकडे फिरवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे काही समाधान पसरले होते जे धाकट्याने तिथे कधी पाहिले नव्हते.

धाकटा थांबला. मोझांबिकच्या खड्याकडे पाहून कोणी असे हसत नाही. त्या बाईंनीच सांगितले होते की सही म्हणजे मत, आणि चूक दोघांचीही होऊ शकते. दादाला काहीतरी दिसले असणार. दादाला नेहमी काहीतरी दिसते.

खिशातला हात पुडीवर तसाच आवळलेला ठेवून त्याने रस्ता पुन्हा ओलांडला आणि तो जिना चढू लागला.