शेवटच्या बेटाचं वय

आमच्या प्रयोगशाळेत दगडांची वयं काढतात. मी दगड फोडतो, चाळतो आणि शहाण्यांची बडबड ऐकतो. पगार फक्त पहिल्या दोन कामांचा मिळतो.

आमची खडीवाली (हे नाव मीच ठेवलं) सरांकडे पीएचडी करत होती, ज्वालामुखी बेटांच्या एका रांगेवर. खोल जमिनीखालचा तप्त उगम जागचा हलत नाही, वरचा भूपट्ट सरकत राहतो. उगमावर बेट तयार होतं, भूपट्टासोबत पुढे जातं, विझतं. मागे नवं उगवतं. रांगेचा रोख म्हणजे भूपट्टाची दिशा, आणि अंतराला वयाने भागलं की वेग.

जिवंत ज्वालामुखीपासून दोनशे सत्तर किलोमीटरवरचं बेट तीस लाख वर्षांचं निघालं. म्हणजे वर्षाला नऊ सेंटिमीटर. तेवढंच आणखी पुढचं शेवटचं बेट मात्र अठ्ठेचाळीस लाखांचं! म्हणजे भूपट्ट आधी पंधराच्या वेगाने धावत होता आणि मग मंदावला. सर हरखले. या पंधरावरच खडीवालीला परदेशातून नोकरीसाठी बोलावणं आलं.

महिन्याभराने ती जुनी वही घेऊन माझ्याकडे आली.

"काका, शेवटच्या बेटावर मी कड्याच्या माथ्यावरचा दगड घेतला होता."

"मग? काळाभोर होता, जरासुद्धा गंजलेला नाही."

"तेच चुकलं. त्याच्याखाली लाल मातीचा थर आहे, वहीत लिहिलंय मी. बेट विझल्यावर ती माती व्हायला लाखो वर्षं लागली असणार. मग मागाहून थोडा लाव्हा वर आला. तो ताजा दिसतो, कारण तो तरुणच आहे."

दगडात वर्षानुवर्षं साठत गेलेला आरगॉन वायू मोजून वय काढतात; कुजलेल्या दगडातून तो निसटतो आणि वय चुकतं, म्हणून आम्ही सगळेच ताजे दगड हुडकतो. मीही तिला शाबासकी दिली होती.

"सरांना सांगितलंस?"

"मातीखालचा दगड मोजून मग सांगते."

"आणि नोकरी?"

तिने त्याच खेपेत आणलेला मातीखालचा दगड माझ्यापुढे ठेवला. तो बाहेरून पार पिवळा पडला होता. मी त्याचा गाभा काढून दिला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने आठ दिवस निरोगी कण वेचले. मला मनापासून वाटत होतं, अठ्ठेचाळीस लाखच यावेत.

साठ लाख आले.

सरांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि परदेशी पत्र लिहायला बसले. आठवड्याने उत्तर आलं: नव्या निष्कर्षासाठी जागा होती, आता गरज उरलेली नाही.

खडीवालीने आलेखावरचा जुना ठिपका खोडून नवा काढला. तो नऊ सेंटिमीटरच्या सरळ रेषेवर इतका चपखल बसला, की बघणाऱ्याला तिथे काही वेगळं घडलं होतं याची शंकाही येणार नाही.