अंगठ्याभोवतीची चौकट

प्राचार्यांची सूचना मॅनेजरने आधी झेरॉक्सच्या काचेवर पाहिली आणि मग स्वतःच्या नशिबात. कॉलेजच्या फाटकासमोर तिच्या घरचं दुकान होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग, आणि कुणी फारच गळ घातली तर अर्ज लिहून देणं. सूचना फलकावर लागली, की तिच्या प्रती काढायला मुलं याच दुकानात यायची. फोनवर तीच सूचना आलेली असली तरी कागद हातात आल्याशिवाय मुलांचा विश्वास बसत नाही, आणि या अविश्वासावरच दुकान चाललं होतं.

मॅनेजर हे तिचं नाव नव्हे. हे बाबांनी ठेवलेलं. लॅमिनेशनच्या यंत्रात एका बाजूने बाबा कागद सरकवायचे आणि दुसऱ्या बाजूने तो कढत कढत बाहेर आला की ती झेलायची. तेव्हा ती स्टुलावर उभी राहायची. बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, माल पसंत नसेल तर तक्रार मॅनेजरकडे करा. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यात तिचा कॉलेजप्रवेशही वर्षभर मागे पडला होता. दुकान आता आई चालवायची, लॅमिनेशनचं यंत्र मात्र कापडाखाली झाकलेलं होतं. बंद पडलंय, असं आई सांगायची. ते बंद पडलेलं नव्हतं.

सूचना सरळ होती. प्रवेश अर्जाला जोडलेले कागद आता संगणक तपासणार. नाव, जन्मतारीख आणि गुण अर्जाशी जुळतात का, कागदावर खाडाखोड किंवा फेरफार दिसतो का, एवढं तो पाहणार. ‘संगणकाची शंका म्हणजे निर्णय नव्हे,’ असं प्राचार्यांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं. ज्याचा कागद अडकेल त्याला संदेश जाईल. त्याने सात दिवसांच्या आत प्रवेश खिडकीवर मूळ कागद घेऊन यावं. शंका कुठे आली ते दाखवलं जाईल, कागद माणूस तपासेल, गरज पडली तर तो देणाऱ्या शाळेकडे विचारणा होईल आणि तोवर जागा राखून ठेवली जाईल. प्रवेश नाकारायचाच झाला, तर त्याआधी विद्यार्थ्याचं म्हणणं स्वतः प्राचार्य ऐकतील. मात्र मुदतीत जो येणारच नाही, त्याची जागा प्रतीक्षा यादीत जाईल. शेवटी एक ओळ होती: ज्या कागदावर शंका आली तोच कागद, आहे त्या अवस्थेत आणावा, पुसू, खरवडू वा उघडू नये.

मॅनेजरने या ओळीच्याही प्रती काढल्या, पैसे घेतले, सुटे परत दिले. संध्याकाळी तिचाच फोन वाजला. शाळा सोडल्याचा दाखला: फेरफाराची शंका.

 दाखला लॅमिनेट केलेला होता, बाबांनीच. गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी ते झेरॉक्सचा टोनर, ती काळी पूड, बदलत होते, आणि ती दाखला घेऊन दारात उभी राहिली तसे हात न धुताच धावले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदाला डाग लागू न देणाऱ्या माणसाने पोरीच्या दाखल्यावर जन्मतारखेशेजारी काळा अंगठा उमटवला, आणि आनंदाच्या भरात तो तसाच प्लास्टिकमध्ये कायमचा बंद केला. बाहेर आल्यावर दिसलं. बाबांनी कपाळावर हात मारला, तर कपाळही काळं झालं. किती हसली होती ती दोघं.

आईला कळलं तेव्हा आई म्हणाली की सूचना गेली खड्ड्यात, कडेने ब्लेड फिरवायचं, कागद काढायचा आणि डाग खोडरबराने घालवायचा. प्लास्टिक ओढलं तर कागदाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो, हे तिलाही ठाऊक होतं. मग म्हणाली, शाळेतून दुसरा दाखला आण. पण शाळा दुसरा देताना पहिला जमा करून घेते. आई व्यवहाराला पक्की. रडायचं ते तिने बाबा गेले तेव्हाच रडून घेतलं होतं, निदान मॅनेजरला तसं वाटायचं, आणि त्याचा तिला रागही यायचा.

प्रवेश तर हवाच होता. याच फाटकातून आत जायचं म्हणून तर ती समोर बसून लहानाची मोठी झाली. पण खिडकीवरच्या बाई दाखला ठेवून घेतील, उघडायला लावतील, या धास्तीने ती आज जाते, उद्या जाते करत राहिली. रस्ता ओलांडायचा, एवढंच काम, आणि तेच जिवावर येत होतं. शेवटी मुदत संपायच्या दिवशी आईने तिला आत येऊ न देता दुकानाचं दार अडवलं आणि म्हणाली, आता नाही गेलीस तर बाबा तुला विचारतील. तेव्हा कुठे ती गेली.

खिडकीवरच्या बाई चेहऱ्याने कडक होत्या. त्यांनी दाखला उजेडाकडे तिरका धरून पाहिला आणि पडदा तिच्याकडे वळवला. दाखल्याचं चित्र पडद्यावर पसरलं होतं, आणि त्यात जन्मतारखेजवळ लाल चौकट होती. तारीख बदलणारी मंडळी नेमकी इथेच शाई लावतात, म्हणून संगणक अडला, असं बाईंनी सांगितलं.

“हे काय आहे?”

“बाबांचा अंगठा आहे.”

बाईंनी चित्र मोठं केलं. काळा डाग उघडला आणि त्यातून रेषा निघाल्या. एकीत एक वळत गेलेल्या, आणि मधोमध आडवी पांढरी चीर. कटर लागलेला तो अंगठा. याच अंगठ्याने ते कागदाची कड दाबायचे, तिच्या डोळ्यातलं कुसळ काढायचे. कागदावर तो वाटाण्याएवढा होता, इथे तळहाताएवढा झाला होता. बाबांची तिला रोज आठवण यायची, पण इतक्या जवळून ते वर्षभरात दिसले नव्हते.

“अजून थोडं मोठं करता का?” तिने विचारलं.

बाईंनी केलं. मग चष्मा काढून उगाचच पुसला. पण कामात त्यांनी कसूर केली नाही. डाग आकड्यांवर आलेला नाही, आकडे स्वच्छ आहेत, असा शेरा त्यांनी लिहिला. नुसत्या शेऱ्यावर भागत नाही म्हणून शाळेलाही फोन लावला. तिथल्या नोंदवहीत तीच तारीख निघाली. लेखी उत्तर उद्या दुपारपर्यंत येईल, ते आलं की शंका मिटवते, जागा तुझीच आहे, असं म्हणून त्यांनी दाखला तिच्या हातात परत दिला. कुणी उघडला नाही, कुणी ठेवून घेतला नाही.

दुकानात येऊन तिने सगळं सांगितलं. जागेचं ऐकून आईने मान हलवली आणि झेरॉक्सचे कागद सारखे करत राहिली. मॅनेजरला वाटलं, झालं, विषय संपला. पण ते कागद कधीच सारखे झालेले होते.

“रेषा दिसत होत्या?” आईने विचारलं.

“सगळ्या.”

“आणि ती चीर?”

“तीसुद्धा.”

आईने हातातले कागद खाली ठेवले. बोलली तेव्हा तिचा आवाज दुकानातला नव्हता.

“मला दाखवतील का गं?”

मॅनेजरने सांगितलं की शाळेचं उत्तर आलं की बाई शंका मिटवणार, मग चौकट जाणार आणि अर्ज बंद होणार. दुपारपर्यंतच काय ते.

“मग सकाळीच जाऊ,” आई म्हणाली. “खिडकी उघडायच्या आधी.”