आठ वेळा नापास झालेला देव

बेडूक-आजोबांचं देऊळ पाडायचा हुकूम गावात आला, त्या दिवशी यौ मास्तरांना मनातून आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसला, आणि नेमका बायकोला दिसला. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

हुकूम सरळ होता. सरकारी पूजायादीत नाव नसलेलं प्रत्येक देऊळ महिन्याभरात जमीनदोस्त करायचं. लाकूड, विटा आणि देवळाची जमीन गावच्या शाळेला द्यायची. शाळेवर मास्तर म्हणून गावातलाच परीक्षा पास झालेला माणूस नेमायचा, आणि त्याला वर्षाला बारा पोती तांदूळ द्यायचे. ल्यूवान गावात परीक्षा पास झालेला माणूस एकच होता, यौ पोयेन. तोही पहिलीच पायरी चढलेला. दुसऱ्या पायरीसाठी दर तीन वर्षांनी प्रांताच्या मुख्य शहराला, नानछांगला जायचं आणि तोंड पाडून परत यायचं, हे त्यांचं चोवीस वर्षं चाललं होतं. आठ परीक्षा झाल्या. पदवीधराचा निळा झगा आणि वेठबिगारीतून सूट, एवढीच काय ती कमाई.

हुकमाला एक शेपूट होतं. पाडण्याआधी गावच्या पदवीधरानं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं की हा देव कोण, यादीत आहे की नाही, आणि लोकांवर त्याचे उपकार काय.

"उपकार!" मास्तर ताटावर बसल्या बसल्या म्हणाले. "दगडाचा बेडूक तो. चोवीस वर्षं मी निबंध लिहितोय की पाखंडाच्या मागे लागणं घातक आहे. मग काय लिहिणार? 'बेडूक. यादीत नाही. उपकार शून्य.' तीन ओळींत काम."

त्यांच्या बायकोनं, लूशीनं, पुढचं ताट उचललं आणि आत नेलं.

"अगं, मी जेवतोय!"

"बारा पोती येणार आहेत ना? ती आली की जेवा," ती आतून म्हणाली. "लग्नाला अठरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. तुमचे कन्फ्यूशियस आले होते का माझ्या मदतीला? त्या बेडकापुढे टेंगूळ येईतो डोकं आपटलं, तेव्हा आपली छोटी झाली. आणि आम्ही बायकांनी घराबाहेर पडायचं ते कुठं? तुमच्या शाळेत?"

परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत. दोन दिवस मास्तरांनी शेजाऱ्याकडून आणलेल्या थंड पेजेवर काढले. तिसऱ्या दिवशी चूल पेटली, पण लूशी बोलेना. तिची बडबड ऐकून वैतागलेला माणूस तिच्या गप्प बसण्यानं मात्र घाबरला. तिचे डोळे सुजलेले होते. त्यांनी शाई घोटायला घेतली.

"ऐक," ते म्हणाले. "बेडूक काही यादीत जात नाही. पण माणूस जातो. विधींच्या ग्रंथात स्पष्ट आहे. ज्यानं लोकांना कायदा दिला, जो कामावर असताना मेला, ज्यानं कष्टानं राज्य सावरलं, ज्यानं मोठं संकट परतवलं, ज्यानं अरिष्ट टाळलं, त्याचीच पूजा करावी. त्यातलं एक जरी बसलं तरी पुरे."

"मग बसवा की दोन," लूशी म्हणाली. तीन दिवसांतले हे तिचे पहिले शब्द.

मास्तरांनी बसवले. कित्येक शतकांपूर्वी, थांग राजवटीत या गावात फू नावाचा विद्वान होता. नदी फुगली, तेव्हा तो एकटा बंधाऱ्याच्या दारावर रात्रभर बसला. बेडकांच्या ओरडण्यानं गावाला जाग आली, गाव वाचलं, फू वाहून गेला. अडाणी लोकांनी कृतज्ञतेनं त्याच्या जागी बेडूक बसवला, इतकंच. म्हणजे कामावर मरणंही झालं आणि संकट परतवणंही.

"वा!" लूशीनं टाळी वाजवली. "आता त्याला मोठी परीक्षा पास करा. राजधानीतली. पहिल्या नंबरानं."

मास्तरांचा कुंचला थांबला.

"नाही."

"का? कागदावर तर करायचंय. तुमच्या खिशातलं काही जातंय का?"

"मी आठ वेळा बसलो," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "आठ वेळा! आणि हा बेडूक एका फटक्यात पास? मी नाही करणार. दुसरी पायरीसुद्धा देणार नाही. तोही आठ वेळा नापास झाला. बस्स!"

आणि मग त्यांना आवरेना. फूच्या नशिबी त्यांनी सगळं घातलं. पहिल्या खेपेला छप्पर गळून निबंधावर पाणी पडलं. तिसऱ्या खेपेला ताप. पाचव्या खेपेला परीक्षेला बसायच्या कोठड्यांच्या रांगेतली शेवटची कोठडी, संडासाला लागून. नऊ दिवस नाकाला फडकं बांधून आठ भागांचा निबंध लिहायचा. लेखनिक सगळ्यांच्या उत्तरांची लाल शाईत नक्कल करतात, म्हणजे अक्षरावरून ओळख पटू नये, तर फूची नक्कल करणाऱ्यानं एक अख्खी ओळ गाळली. लिहिताना मास्तर दोनदा डोळे पुसायला थांबले. गावच्या तीन म्हाताऱ्यांनी हमीपत्रावर अंगठे दिले आणि कागद कचेरीत गेला.

आठव्या दिवशी परगण्याचे अधिकारी क्वेई साहेब स्वतः पडताळणीला आले. साहेब कडक. या वर्षात एकतीस देवळं पाडलेली. बरोबर त्यांनी परगण्याचा बौद्ध भिक्षूंवर देखरेख करणारा भिक्षू आणि ताओपंथीयांवर देखरेख करणारा ताओ पुजारी, असे दोघेही आणले. आणि तिथंच घोटाळा झाला. देवळाचा पुजारी फाबाओ कुठल्याच नोंदीत नव्हता. भिक्षू देखरेखीला आला की हा डोक्यावर ताओवाल्यांसारखा अंबाडा घातलेला केसांचा टोप चढवून "मी ताओवाला" म्हणायचा. ताओ पुजारी आला की टोप काढून तुळतुळीत डोकं दाखवायचा. दोघं एकत्र येतील हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो दारात टोप अर्धा चढवून उभा राहिला.

"हा तुमचा," भिक्षू म्हणाला.

"छे, तुमचा! डोकं बघा की!"

"केस बघा की!"

"याचा दीक्षेचा दाखला कुठाय?" साहेबांनी विचारलं. "आणि दाखल्याच्या परीक्षेत कुठलं सूत्र म्हटलंस?"

फाबाओनं पुष्कळ आठवून पाहिलं आणि मग खणखणीत आवाजात बायकांचं कणीक मळायचं गाणं म्हटलं.

"झाडू मारायला ठेवा," साहेब म्हणाले. "देवळात राहिला, तर नुसता झाडूवाला. नाहीतर नांगर." मग ते मास्तरांकडे वळले. निळ्या झग्यामुळे मास्तरांना त्यांच्यापुढे गुडघे टेकावे लागत नव्हते. दाराआड लूशी उभी होती.

"यौ मास्तर, हे चरित्र तुम्ही लिहिलंत?"

"होय साहेब. म्हणजे, जुन्या लोकांकडून ऐकून."

"आजवर एकतीस देवळांचे कागद माझ्याकडे आले. अठ्ठावीस सेनापती, तीन पंतप्रधान. एकही नापास नाही." साहेबांनी कागद पुढे धरला. "पण एक सांगा. थांगच्या काळात उत्तरं लाल शाईत नकलून काढत होते का?"

मास्तर कागदावर वाकले.

"आठ भागांचा निबंध तेव्हा होता?"

मास्तरांना आता आठवलं. नकला सुरू झाल्या त्या थांगनंतरच्या सुंगच्या काळात, आणि आठ भागांचा निबंध तर आपल्याच राजवटीतला. शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. रागाच्या भरात त्यांनी आपलं पित्त बेडकाच्या चरित्रात ओतलं होतं, आणि आता त्यापायी देऊळ जाणार, झगा जाणार, खोटी हमी दिली म्हणून म्हाताऱ्यांची पाठ सोलली जाणार. दाराआडून लूशीचा हुंदका ऐकू आला.

साहेबांनी बाकी सगळ्यांना अंगणात पाठवलं. मग आवाज उतरवून विचारलं, "संडासाजवळची कोठडी. नानछांगला का?"

"हो साहेब. पाचव्या खेपेला."

"पूर्वेची रांग?"

"पूर्वेचीच. तुम्हाला कसं…"

"मी पाच वेळा नापास झालो," क्वेई साहेब म्हणाले. "दोनदा तीच कोठडी. अजूनही पाऊस पडला की नाकाला वास येतो." ते दगडी बेडकाकडे वळले. "सेनापती रचणारे खोटं बोलतात, मास्तर. ही कोठडी कोणी रचू शकत नाही."

मग त्यांनी स्वतः कुंचला घेतला आणि 'थांग' खोडून 'सुंगचा शेवट' केलं. 'आठ भागांचा' यावर काट मारली. "सुंगचं इथलं दफ्तर मंगोलांनी जाळलं," ते म्हणाले. "खालून वरपर्यंत कोणी पडताळू शकणार नाही. स्वच्छ प्रत काढा. म्हाताऱ्यांचे अंगठे नव्यानं घ्या."

कागद परगण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून प्रांताला, प्रांतातून राजधानीत विधीखात्याला गेला. चौदा महिने लागले. उत्तर आलं ते असं: फू यांचं नाव यादीत घेतलं आहे. 'महाराज', 'सेनापती' असली बिरुदं लावू नयेत. नुसतं 'फू यांचा आत्मा' म्हणावं. मूर्ती हलवून लाकडी नामफलक ठेवावा. वसंतात आणि शरदात एक डुक्कर, एक मेंढा. बायकांची गर्दी चालणार नाही.

गावानं तंतोतंत पालन केलं. बेडूक हलवला, म्हणजे फलकाच्या मागच्या कोनाड्यात बसवला. बायका गर्दी करेनात. नदीवर निघाल्याच्या बहाण्यानं धुणं घेऊन मागच्या दारानं एकेक करून जात. शाळा शेजारच्या गावात झाली, बारा पोती तांदूळ भलत्याच मास्तरला मिळाले. लूशीनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मास्तरांना रोज गरम जेवण मिळू लागलं.

वसंतातल्या पूजेला साहेब सरकारी पोशाखात आले. गावचा पदवीधर म्हणून प्रार्थना वाचायचं काम मास्तरांचं. "आठ वेळा अपयश, तरी कर्तव्यात कसूर नाही," त्यांनी वाचलं, आणि परगण्याच्या अधिकाऱ्यानं जमिनीला कपाळ टेकलं. कोनाड्याआड कोणीतरी नाक शिंकरलं. ती लूशी असणार.

बातमी पसरायला काय वेळ! परीक्षेला जाणारी पोरं जिल्ह्याभरातून यायला लागली. पास करायला फू काही उपयोगाचे नव्हते, ते त्यांच्या चरित्रातच लिहिलेलं. पोरं एवढंच मागत, "आजोबा, संडासाजवळची कोठडी नको."

नवव्या खेपेला निघताना मास्तरांना लूशीनं हाताला धरून देवळात नेलं.

"नमस्कार करा."

"अगं, हे सगळं मीच लिहिलंय! आपल्या घरात बसून!"

"मग काय झालं? करा."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. फाबाओ पाठ करून झाडत होता. त्यांनी पटकन गुडघे टेकले, आणि टेकल्यावर मात्र पटकन उठवेना. खूप वेळानं उठले ते डोळे पुसत.

नानछांगला त्यांना कोठडी मिळाली ती संडासापासून सगळ्यांत लांबची, कोरडी, वाऱ्याची. आठ खेपांत अशी मिळाली नव्हती. निकाल मात्र नेहमीचाच लागला.

घरी येऊन ते उंबऱ्यावर बसले. लूशीनं पुढ्यात गरम पेज ठेवली.

"मागितलं तेवढं दिलं त्यानं," ती म्हणाली. "पास कुठून करणार बिचारा? त्याला तुम्हीच नापास केलंय."