रिकाम्या खाटेचा वाटा

लातूरच्या शिकवण्यांच्या भागात, मागच्या गल्लीत किशनरावांचं घर आहे. खाली पिठाची गिरणी, वर तीन खोल्या आणि सहा खाटा. किशनराव स्वतः देवणीला राहतात आणि भाडं खाटेवर घेतात. स्वयंपाकाची बाई आणि इंटरनेट तेवढं भाडेकरूंनी आपसात बघायचं, असं ते पहिल्याच दिवशी सांगून मोकळे होतात. ‘आपसात’ म्हटलं की एकाच्या गळ्यात धोंड पडणार हे ठरलेलंच. ती आनंदराजच्या गळ्यात पडली, कारण नेटचं कनेक्शन त्याच्या नावावर होतं आणि तो डाळमिलच्या वजनकाट्यावर कारकून होता.

त्यानं वाटणी चांगली लावली होती, हे कबूल करायला हवं. सिंधुताईंचा पगार नऊ हजार. तो सहा खाटांवर वाटायचा, खाटेला दीड हजार. खाट रिकामी झाली तर नवा माणूस येईपर्यंत तिचा वाटा त्या खोलीनं उचलायचा, कारण ऐसपैस जागा त्या खोलीलाच मिळते आणि बाईचा पगार काही कमी होत नाही. नेटचं बिल अकराशे एकोणऐंशी. त्याचे खोलीमागे तीनशे त्र्याण्णव, मग खोलीतल्यांनी आपापसात वाटून घ्यायचे. एकट्याच्या खोलीत राहणारे गुरुपादप्पा सर रोज तास-तास व्हिडिओवर फिजिक्स शिकवायचे, ते पूर्ण तीनशे त्र्याण्णव देत आणि कुरकुर करत नसत. तिघांच्या खोलीत आनंदराज, सटवाजी आणि आदर्श. तिथंही कधी वाद झाला नाही.

वाद झाला मधल्या खोलीत. तिथं रामलिंग राहायचा. घरची तीस एकर जमीन, ट्रॅक्टरच्या हप्त्यांच्या वसुलीची नोकरी, आणि वसुलीला जाताना वापरायचा आवाज घरातही तोच. त्याचा जोडीदार महिन्याच्या सुरुवातीलाच खोली सोडून गेला. खाट रिकामी झाली. रिकामी म्हणजे कशी, तर बारा तारखेला रामलिंगचा मेहुणा तिच्यावर येऊन पडला तो उठलाच नाही. महिना संपला तरी जेवतोय, मॅच बघतोय, घोरतोय.

रामलिंगनं महिनाअखेरीला एका खाटेचे दीड हजार आणि नेटचे निम्मे टेकवले.

“खाट रिकामी हाय. उरलेले म्या कामून देऊ?”

“रिकामी असली तरी खोलीवर येतेत, रामलिंगभाऊ. आपलं ठरलंय तसं,” आनंदराज म्हणाला.

“कुनी ठरवलं? तू? तू सांगनार मला?”

त्या ‘तू’वर जो जोर होता तो आनंदराजला लहानपणापासून ओळखीचा होता. धर्माबादकडच्या त्याच्या गावात त्याचे वडील केरबा यांना तोच जोर ऐकून मान खाली घालावी लागायची. आनंदराजनं मान खाली घातली नाही, पण तोंडही उघडलं नाही. त्याला कारण होतं. सहा वर्षं परीक्षा दिल्यावर तलाठ्याच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. कागदपत्रं तपासून झाली होती. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी यायची होती, आणि त्या कागदावर एक साधा गुन्हा जरी दिसला असता तरी सहा वर्षं मातीत गेली असती. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. रामलिंगला तर चांगलीच माहीत होती.

आता सिंधुताईंना नऊऐवजी साडेसात हजार कसे द्यायचे? आनंदराजला रामलिंगशी दोन हात करायचे नव्हते, स्वतःच्या खिशातूनही घालायचे नव्हते. मग या हुशार माणसानं एक युक्ती काढली. पहिल्या रविवारी किशनराव भाडं न्यायला आले, तेव्हा तो त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि पोळ्या लाटणाऱ्या सिंधुताईंना त्यानं अगदी सहज विचारलं,

“सिंधुताई, मधल्या खोलीत किती ताटं जातेत?”

“दोन,” त्या म्हणाल्या. लाटणं थांबलंसुद्धा नाही. “बारा तारखेपासून दोनच जातेत की. पावन्याला तर आठ पोळ्या लागतेत.”

खोटं बोलायचं त्या बाईला काही कारणच नव्हतं. त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. आपल्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं म्हणून आनंदराजला त्या क्षणी बरंच वाटलं. मला विचाराल तर सगळं पाप तिथंच झालं, पुढचं नुसतं त्याचं फळ.

किशनराव थेट मधल्या खोलीत गेले. “दोन खाटांचं भाडं सांजच्याला फोनवर पाठव, न्हाईतर खोली खाली कर,” एवढं म्हणून ते मोटारसायकलला किक मारून गेले. आनंदराजला चेव आला. त्यानं मोबाइल काढला, नेटचा पासवर्ड बदलला, आणि ज्यांनी पैसे पूर्ण भरले होते त्यांनाच नवा पासवर्ड पाठवला. मेहुण्याची मॅच शेवटच्या षटकात बंद पडली.

मधल्या खोलीचं दार भिंतीवर आपटलं.

रामलिंगनं व्हरांड्यातलं राउटर भिंतीवरून खिळ्यासकट उपटलं. बारीक पिवळी वायर तुटली. सटवाजी मोरीतून टॉवेल गुंडाळून येत होता, “अहो, अहो” एवढंच म्हणाला. राउटरचा कोपरा त्याच्या भुवईवर बसला आणि डोळा रक्तानं भरला. तो जिन्यावरून गडगडत खाली गेला, तो थेट दवाखान्यात. आदर्श गावाला गेला होता. गुरुपादप्पा सरांनी दार उघडलं, पाहिलं, आणि आतून कडी घातली. कडीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला.

मग रामलिंग स्वयंपाकघरात आनंदराजवर आला. पहिला ठोसा नाकावर. मग लाथ पोटात. आनंदराज खिडकीवर जाऊन आदळला आणि त्यानं दोन्ही हातांनी गज धरले. पडू नये म्हणून नव्हे, हात सुटू नयेत म्हणून. तो अंगापिंडानं काही कमी नव्हता, काट्यावर पोती ढकलून त्याचे दंड तयार झाले होते. रामलिंगला तो पुरून उरला असता.

“हान की! हान, तलाठीसाहेब!” रामलिंग त्याच्या कानाशी ओरडला आणि त्यानं त्याची मान धरून तोंड गजावर आपटलं. “एक हान. मंग बघ तुझी नौकरी!”

ओठ फाटला. एक दात हलला. आनंदराजनं गज सोडले नाहीत. मनात एकच चाललं होतं, पडताळणी, पडताळणी.

“सोडा त्याला! मरंल की तो!” सिंधुताई मधे आल्या. हातात लाटणं होतं पण उगारलेलं नव्हतं.

रामलिंग वळला. “दोन ताटं व्हय? मोजून राहिलीस व्हय माझी ताटं?”

त्यानं त्यांच्या अंबाड्याला हात घातला. दारात मेहुणा आडवा उभा होता. सिंधुताई दाराकडं ओढ घेत होत्या आणि रामलिंग त्यांना शेगडीकडं ओढत होता. तव्यावर पोळी होती, ती करपून धूर निघाला होता. “ह्याच हातानं वाढतीस न्हवं?” असं म्हणून त्यानं त्यांचं उजवं मनगट धरलं आणि पंजा तव्यावर दाबला.

त्या किंचाळल्या. तो दाबूनच उभा राहिला. चरचर झाली आणि स्वयंपाकघरात जो वास सुटला तो पोळीचा नव्हता.

आनंदराज चार पावलांवर होता. हातांत गज होते. त्याला चार पावलं टाकता आली असती. रामलिंगनं हात सोडला, चपला पायात सरकवल्या आणि मेहुण्याला घेऊन जिना उतरला, तेव्हा कुठं याची बोटं सुटली. जाता जाता रामलिंग सांगून गेला, “तोंड उघडशील तर मीबी लिहून देतो, आनंदराजनं आधी मला मारलं म्हनून. क्रॉस केस. दोघंबी मंधी.”

आनंदराजनं सिंधुताईंचा हात नळाखाली धरला. पाणी संपलं तेव्हा माठातलं ओतलं. पंजाची कातडी तव्यालाच राहिली होती. त्या रडत नव्हत्या, फक्त दात वाजत होते. ऑटो चालवणारा त्यांचा नवरा येईपर्यंत तो तांब्यानं पाणी ओतत राहिला, आणि त्याच्या नाकातलं रक्त त्याच पाण्यात पडत राहिलं.

सिंधुताईंच्या नवऱ्यानं ठाण्यात तक्रार दिली आणि मंगळवारी जमादार जागा बघायला आला. सिंधुताई हाताला बोचक्याएवढं बँडेज बांधून, नवऱ्याबरोबर दारात उभ्या होत्या. सटवाजी म्हणाला, मी आधीच खाली गेलो होतो, बाईचं काही पाहिलं नाही. ते खरंच होतं. सर म्हणाले, माझा क्लास चालू होता. नेट तुटल्यावर क्लास कशावर चालू होता हे जमादारानं विचारलं नाही. रामलिंगनं आधीच ठाण्यात लिहून दिलं होतं की बाईचा हात पोळी उलटताना तव्यावर पडला. राहिला एकटा आनंदराज.

“तू काय पाह्यलास?” जमादारानं पॅड मांडीवर घेतलं. “नाक कामून सुजलंय?”

“पाय घसरला. बाथरूममध्ये,” आनंदराज म्हणाला. “मी... मी बाथरूममध्येच होतो. बाहेर आलो तवा सगळं होऊन गेलं होतं.”

जमादाराचा पेन थांबला. सिंधुताईंनी आनंदराजकडं पाहिलं. रागानं नव्हे, एखाद्याला ऐकायला कमी येतं म्हणून आपण पुन्हा विचारतो तसं त्यांनी विचारलं,

“भाऊ, मंग माझ्या हातावर पानी कुनी वतलं?”

नवऱ्यानं त्यांच्या खांद्याला हात लावला.

“मला म्हाईत न्हाई,” आनंदराज म्हणाला. जमादारानं ते शब्द तसेच लिहून घेतले.

साक्षीदार नाही म्हटल्यावर खटल्यात दम राहिला नाही. रामलिंगच्या वडिलांनी सिंधुताईंच्या नवऱ्याला दवाखान्याचं बिल आणि वर दहा हजार दिले आणि प्रकरण मिटवलं. सिंधुताईंची तीन बोटं वळेनाशी झाली. त्यांना आता पोळी लाटता येत नाही. आनंदराजनं त्यांचे नऊ हजार पूर्ण पोचवले, कमी पडलेले स्वतःच्या खिशातून घालून. जे आधी जड वाटत होते ते आता भसकन निघाले. नवऱ्यानं ते दारातच घेतले आणि दार लावलं. नवी बाई अकरा हजारांवर आली. रामलिंगची खोली दोन पोरांनी घेतली, खाट भरली, वाटणी पुन्हा सरळ झाली.

दीड महिन्यानं पडताळणी आली. ठाण्यात तोच जमादार बसला होता. आनंदराजनं आधार कार्डाची झेरॉक्स पुढं ठेवली. जमादारानं रजिस्टर पाहिलं, कागदावर नाव चढवलं, पत्ता चढवला.

“किती वर्सं राहून राहिलास तिथं?”

“चार.”

“कुनाशी भांडन, मारामारी? कुठल्या गुन्ह्यात नाव?”

“न्हाई साहेब.”

“बरोबर हाय.” जमादारानं ‘वर्तन चांगले’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. “तू त्या घरात व्हतासच कुठं.”

त्यानं कागद फिरवून पुढं सरकवला. आनंदराजनं दाखवलेल्या जागी सही केली.