रस्ता धरून पंधराशे फूट

बायनाबाई मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, रोप घेऊन प्लॉटवर गेली नसती, तर अंकुशचं बिंग फुटलं नसतं. तेलाच्या डब्यात वाढवलेलं गुडघ्याएवढं रोप. फॅक्टरीच्या क्वार्टरमागे तिने लावलेला मुनगा आता छपराच्या वर गेला होता, पण क्वार्टर सोडायचं तर झाडही सोडायचंच. म्हणून त्याच झाडाची शेंग वाळवून तिने हे नवं रोप केलं होतं. घर उठेल तेव्हा उठेल, झाड आधी लागू द्या, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा बापूराव आयुध निर्माणीतून निवृत्त झाला होता आणि क्वार्टर रिकामं करायची मुदत जवळ येत होती. भद्रावतीच्या बाहेर, सोयाबीन-तुरीच्या जुन्या वावरात अंकुशने लेआउट टाकला होता, वावराचे प्लॉट पाडून विकायला काढले होते. अंकुश म्हणजे बापूरावच्याच सेक्शनमधल्या मित्राचा पोरगा, ह्यांच्या ओट्यावर जेवून वाढलेला. सौदा झाला तेव्हा तोंडाशी उठलेलं एक घर सोडलं तर नुसतं तुराट्या काढलेलं रान होतं. अंकुशने स्वतः टेप धरून मोजून दाखवलं. रुंदी तीस, लांबी पन्नास, म्हणजे पंधराशे स्क्वेअर फूट. साडेसहाशे रुपये फुटाने नऊ लाख पंच्याहत्तर हजार. "काकू, घरच्या माणसासाठी हा रेट, बाहेरच्याले सातशे," तो म्हणाला, आणि बायनाबाईला त्याचं कौतुकच वाटलं. दोन लाख इसार दिला. उरलेल्या पैशांचा हिशेब तिने रात्रंदिवस मनात घोळवला होता. प्लॉट, विटा, सिमेंट, मजुरी सगळं जोडून शेवटी स्लॅबपुरते पैसे जेमतेम उरत होते. चार भिंती आणि वर आभाळ, अशा घरात जायचं नव्हतं तिला.

त्या दिवशी जाऊन पाहते तर रानात मुरूम पडलेला. छान लालसर, वीस फुटी रस्ता. दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले नवे दगड. बायनाबाईने मागच्या कोपऱ्यात खड्डा केला, रोप लावलं आणि हात झटकत पुढे पाहिलं. तिला जागा आखूड वाटली.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "टेप आणली ना? मोजा बरं."

"मोजलं होतं ना तवा."

"पुन्हा मोजल्यानं टेप झिजते का?"

बापूरावने मोजलं. रुंदी तीस. बरोबर. मग मागच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत लांबी धरली. चाळीस. त्याने टेप सरळ केली, ताणली, पुन्हा धरली. चाळीसच. बायनाबाईने टेपचं तोंड त्याच्या हातून घेतलं आणि पन्नासाच्या आकड्यापर्यंत चालत गेली. ती थेट रस्त्यावर आली, मुरमाच्या मधोमध.

समोरच्या प्लॉटवर रफीक आणि त्याची बायको सुलताना विटा उतरवून घेत होते. रफीकचं बसस्टँडजवळ मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. तो हसत जवळ आला. "क्या हुआ बाई? रस्त्यात काऊन उभ्या?"

"तुमचा प्लॉट किती लांब, रफीकभाऊ?"

"पन्नास."

"मोजून पाहा."

रफीकनेही मागच्या दगडापासून टेप सोडली. त्याचाही पन्नासावा फूट चालत चालत रस्त्यावर आला आणि बायनाबाईच्या चपलेला येऊन टेकला. दोघांचे प्लॉट रस्त्याच्या मध्यावर एकमेकांना भिडले होते. सुलतानाने पदर तोंडाला लावला. "या अल्ला, हमने तो सडक खरीद ली!"

बायनाबाईला हसू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. दहा फूट लांब आणि तीस फूट रुंद, तीनशे फूट. गुणिले साडेसहाशे. एक लाख पंच्याण्णव हजार! तिची स्लॅब रस्त्यावर पसरली होती आणि उद्या तिच्यावरून अख्ख्या लेआउटची ढोरं जाणार होती.

अंकुशचं टिनाचं ऑफिस लेआउटच्या टोकाला, नाल्याच्या काठावर होतं. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि सगळं ऐकून घेऊन अगदी शांतपणे म्हणाला, "काकू, रस्ता धरूनच प्लॉट असते. सगळेच असंच विकून राह्यले. अर्धा रस्ता तुमचा, अर्धा समोरच्याचा."

"आणि रजिस्ट्री कितीची करून देशील?"

"रजिस्ट्री नकाशाप्रमाणं. तीस बाय चाळीस, बाराशे फुटाची."

"म्हणजे पैसे पंधराशेचे आणि जागा बाराशेची?"

"मुरूम काय फुकट येते काकू?"

"मुरमाचे पैसे घेवाचे तर मुरमाचे म्हणून घे. जमिनीच्या भावानं काऊन घेऊन राह्यला? आणि माह्याकडून अर्धा, रफीकभाऊकडून अर्धा. पुरा रस्ता विकलास तू, आणि तो कोणाचाच नाई!"

अंकुशने बापूरावकडे पाहिलं. "काका, पटत नसंल तर राहू द्या. पण इसार वापस होत नाई, माहीत आहे तुमाले."

हा तोच पोरगा, ज्याला बायनाबाईने आपल्या लेकाच्या, अश्वजितच्या ताटात जेवू घातलं होतं. तिच्या तोंडात आलेले शब्द बापूरावने तिचा हात दाबून आत ढकलले. "चाल, चाल घरी." वाटेत तो म्हणाला, मित्राचा पोरगा आहे, भांडून चांगलं दिसत नाही, थोडं नुकसान पोटात घालू. बायनाबाई त्याच्या चार पावलं पुढेच चालत होती. लुटणाऱ्याने शांत बसावं आणि लुटल्या गेलेल्याने चांगलं दिसायची काळजी करावी, हा कुठला न्याय? जन्मभर ह्या माणसाने मूग गिळले, आता त्या मुगाचा डोंगर झाला असेल!

लेआउटच्या तोंडाशी सोनीबाईचं घर होतं, तिथलं पहिलंच. भाजी विकणारी एकटी बाई. दोन वर्षांपूर्वी पाटल्या मोडून तिने प्लॉट घेतला होता आणि विटांच्या दोन खोल्या उठवल्या होत्या. तिने दोघांना हाक मारून पाणी दिलं. "या लवकर राहाले. शेजार होईल मले," ती म्हणाली. बायनाबाईने पाणी पिऊन गडवा परत दिला.

रविवारी अंकुश गिऱ्हाइकं आणतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायनाबाई त्या रविवारी सकाळीच प्लॉटवर आली. येताना तिने प्लास्टिकची खुर्ची आणली होती. बापूराव मागून पाण्याचा कॅन घेऊन कुरकुरत आला. अंकुशची पांढरी गाडी चंद्रपूरच्या एका जोडप्याला घेऊन आत गेली, टोकाच्या प्लॉटपर्यंत. ती आत गेल्याबरोबर बायनाबाईने खुर्ची उचलली आणि रस्त्याच्या आपल्या अर्ध्या भागात मांडून बसली. ठरल्याप्रमाणे रफीक आणि सुलतानाने समोरच्या अर्ध्यात बाज टाकली. पलीकडे नाला. गाडीला दुसरी वाट नव्हती.

थोड्या वेळाने गाडी परत आली आणि हॉर्न वाजला. बायनाबाईने पदर सारखा केला. हॉर्न पुन्हा वाजला. अंकुश खाली उतरला.

"काकू, बाजूला व्हा ना. पाहुणे आहेत."

"आमच्या प्लॉटात बसलो आम्ही. तुले का त्रास?"

"काकू, मजाक नोका करू. रस्ता आहे हा."

"प्लॉट आहे. पैसे घेतले तू ह्याचे. गाडी न्यायची तर मालकाले इचार. अर्ध्यासाठी मले, अर्ध्यासाठी सुलतानाले."

"हमारी ना है," सुलताना बाजेवर पाय हलवत म्हणाली.

गाडीतलं जोडपं उतरून आलं. नवरा शाळेत मास्तर असावा. "काय भानगड आहे?" त्याने विचारलं. अंकुशचा चेहरा उतरला. तो घाईने, जरा मोठ्यानेच बोलून गेला, "काही नाही सर. रस्ता सगळ्यांचा असतो, एकाचा थोडीच असतो. ह्यांना समजत नाही."

बापूराव दगडावर बसून होता. तो उठला. अंकुशसमोर येऊन उभा राहिला.

"सगळ्यायचा आहे ना, अंकुश? मग एकट्याकडून पैसे काऊन घेतले? तीनशे फुटाचे, साडेसहाशेच्या भावानं?"

बायनाबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू तिला त्याची आजच ओळख झाली.

मास्तरची बायको अंकुशकडे वळली. "आमचे पस्तीस बाय पन्नास सांगितले तुम्ही. त्यात रस्ता किती धरला?"

अंकुशने घाईने गाडीचं दार उघडून धरलं. मास्तर गाडीत जाऊन बसला नाही, उलट रफीककडे टेप मागू लागला. तेव्हा मात्र अंकुश बायनाबाईजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "बाराशे धरू काकू. सात लाख ऐंशी हजार. उठा आता."

"मोठ्यानं सांग."

"बाराशे! तीस बाय चाळीस, साडेसहाशेनं सात लाख ऐंशी."

"आणि रफीकभाऊचे?"

"त्यायचेही बाराशे."

"आत्ता लिहून दे. ह्या सरांसमोर."

त्याने गाडीच्या बॉनेटवर इसारपावतीवरचे आकडे खोडून नवे लिहिले आणि सही केली. मास्तरने वाचून मान डोलावली. बायनाबाईने मोठा श्वास सोडला. मागच्या कोपऱ्यात मुनग्याला नवा कोंब आला होता, आणि त्याच्या शेजारी उठणाऱ्या घरावर आता छप्पर होतं. तिने खुर्ची उचलली आणि चुन्याच्या दगडाच्या आत नेऊन ठेवली. सुलतानाने बाज ओढली. अंकुशने गाडी सुरू केली.

आरडाओरडा ऐकून सोनीबाई कधीची येऊन उभी होती. तिच्या हातात अजून भाजीची ओली जुडी होती. ती बायनाबाईजवळ आली आणि खालच्या आवाजात, काही गुन्हा करत असल्यागत म्हणाली, "बाई, माहा वीस बाय पन्नास होता. चारशेच्या भावानं. रजिस्ट्री झाली. माह्यातही रस्ता धरला असंल का?"

वीस बाय दहा, दोनशे फूट. चारशेच्या भावाने ऐंशी हजार. बायनाबाईने तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. पाटल्यांचे पांढुरके वण अजून गेले नव्हते.

गाडी हलली होती. बायनाबाईने खुर्ची उचलली, पुन्हा गाडीसमोर, रस्त्याच्या मधोमध मांडली आणि सोनीबाईला हाताला धरून तिच्यावर बसवलं.

"बस इथी," ती म्हणाली. "तुहेही पैसे ह्याच रस्त्यात गेले. तुहीच जागा आहे."