दोन पात्रं, एक मोड

करिश्माचा फोन आला तेव्हा रूथ गवारीच्या शेंगा मोडत होती. करिश्मा म्हणजे पुण्याच्या ऑडिओ कंपनीतली प्रोड्यूसर, तोंडानं गोड आणि कामाला कडू. ती म्हणाली, "रूथ, तुझी मालिका पास झाली. फक्त एक बदल. आठ कलाकार नकोत, एकाच माणसाकडून वाचून घेऊ."

फक्त एक बदल! अहो, घर बांधून झाल्यावर 'फक्त एक मजला कमी करा' म्हणण्यातला हा प्रकार. आठ जणांसाठी लिहिलेलं नाटक एका गळ्यात बसवायचं म्हणजे सगळं उलगडून पुन्हा विणायचं. नाटकात दार वाजतं, कप फुटतो, ते आवाजानं कळतं. इथं ते वाक्यात सांगावं लागतं. नाटकात चार माणसं एकदम बोलली तरी चालतं. इथं एकच माणूस, त्यानं एकदम चौघांचं बोलायचं कसं? रूथनं तीन आठवडे हेच केलं. भांडणाचे प्रसंग पाचांवरून तिघांवर आणले. 'आई म्हणाली' हे वाक्याच्या शेवटी होतं ते पुढं घेतलं, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळावं की आता कुणाचा आवाज काढायचा.

आणि मग तक्ता. प्रत्येक पात्राला एक ओळ: वय किती, आवाज छातीतून की नाकातून, बोलणं संथ की घाईचं, ठेवणीतला शब्द कोणता, आणि नमुन्याचं एक वाक्य. तक्ता तीन पानांचा झाला. पहिल्या पानावर 'वडील' होते, तिसऱ्या पानावर 'फोनवरचा माणूस'. दोन्ही ओळी तिनं वेगवेगळ्या दिवशी भरल्या होत्या, हे ध्यानात ठेवा.

कारण मालिका मनातून रचलेली नव्हती, घरातलीच होती. अकरा वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीचं, इवाताईचं लग्न दौंडला ठरलं होतं. रेल्वेतला मुलगा, चांगलं घर. साखरपुड्याच्या आठवडाभर आधी मुलाकडच्यांना निनावी फोन गेला, की पोरीला फिट येतात. तिला आयुष्यात साधी चक्कर आली नव्हती! पण त्या लोकांनी तो फोन रेकॉर्ड केला होता. दोघी बहिणी दौंडला गेल्या, तेव्हा मुलाच्या आईनं तो लावून दाखवला. पप्पा आले नव्हते, त्यांचा गुडघा धरला होता. तोंडावर फडकं धरल्यासारखा घोगरा, गावंढळ आवाज. रूथ तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि ती वाक्यं तिच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. मालिकेत तिनं ती जशीच्या तशी घातली. फोन कुणी केला, हे तिच्या गोष्टीत शेवटपर्यंत कळत नाही. तिलाच कुठं ठाऊक होतं?

लग्न मोडलं. आई आधीच गेलेली. इवाताई शिरूरला एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली, घर सांभाळू लागली, पप्पांचं पथ्यपाणी बघू लागली. आता ती एकोणचाळीसची. आणि एवढ्या वर्षांनी परत दौंडचंच स्थळ आलं होतं. इमॅन्युएल नावाचा विधुर, समजूतदार माणूस. रविवारी ते लोक चर्चनंतर घरी येणार होते.

गुरुवारी सकाळी पप्पांनी चहा घेता घेता विचारलं, "दौंडच्या पाहुण्यांचा नंबर दे बरं इवा. मोठ्या माणसानं एकदा बोललेलं बरं असतं."

पप्पा म्हणजे प्रभुदास मास्तर. मिशन शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेले, चर्चच्या पंच कमिटीत ज्यांच्या शब्दाला वजन असे गृहस्थ. इवाताईनं कॅलेंडरचा कोपरा फाडून त्यावर नंबर लिहून दिला. रूथनं ते पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. पप्पा मनावर घेतायत म्हणून.

शुक्रवारी सकाळी ती एसटीनं दौंडला गेली. तिथं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तिची मालिका वाचणारा नागसेन राहायचा. दिवसा पार्सल ऑफिसात काम, उरलेल्या वेळात पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या, मधे माईक. मालगाडी आली की थांबायचं, गेली की पुन्हा सुरू.

"या मॅडम, जय भीम," तो म्हणाला. "तुमचा तक्ता म्हंजी एकदम कामाचा हाय. न्हाईतर लोक नुसतं लिहितात 'म्हातारा, प्रेमळ'. आता प्रेमळ गळा मी कुठनं आणू?"

रूथ हसली. त्यानं पद्धतशीर प्रत्येक पात्राचं नमुन्याचं वाक्य आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं, म्हणजे दहाव्या भागात आवाज विसरला तर पहिला ऐकता येतो. आई ऐकवली, थोडी हळू, नाकाजवळून. धाकटी बहीण ऐकवली, घाईची. बायकांसाठी त्यानं उगाच किनरा आवाज काढला नव्हता, नुसतं बोलणं मऊ केलं होतं. झकास जमलं होतं.

"फकस्त एका ठिकाणी अडलोय," तो डोकं खाजवत म्हणाला. "वडील आन् फोनवाला. हे दोघं एकच हायेत का?"

"नाही हो. वडील शिकलेले, शुद्ध बोलतात. फोनवाला गावंढळ."

"ते दिसतंय. मी वडलांचा आवाज छातीतनं काढला, फोनवाल्याचा घशातनं. पण वाचायला लागलो की चार शब्दांत दोघं एक होतात. आठ कलाकार असते तर कुणाच्या ध्यानात आलं नसतं. इथं माझाच गळा दोन्हीकडनं जातोय, म्हणून त्यो अडतोय. ऐका तुम्हीच."

त्यानं आधी वडिलांचं वाक्य लावलं. 'भाजीचं राहू द्या ते. पण मीठ कुठंय?' रूथनं हे घरातूनच उचललं होतं, रोजच्या जेवणातलं.

मग फोनवाला. 'पोरगी चांगली हाय, राहू द्या ते. पण तिला फिट येत्यात, ते इचारलं का?'

नागसेननं तक्त्याचं पहिलं आणि तिसरं पान शेजारी शेजारी ठेवलं आणि पेन्सिल टेकवली. "हे बघा. सगळं जग म्हणतं, 'ते राहू द्या'. ही दोघंच उलटं म्हणतात, 'राहू द्या ते'. मग थांबतात. मग 'पण'. भाषा बदलली तुम्ही, पण बोलण्याची मोड तीच ऱ्हायली. लिहिताना चुकून झालं असंल. एकाचं बदलू का?"

चुकून? दोन्ही वाक्यं तिनं रचलीच नव्हती. दोन्ही तिनं ऐकली होती!

समोर तिच्याच अक्षरातली दोन पानं. ठेवणीतला शब्द: राहू द्या ते. ठेवणीतला शब्द: राहू द्या ते. तीस वर्षं ज्या बोलण्यात ती वाढली ते तिच्या कानाला कधी वेगळं लागलंच नव्हतं. आणि कोणती मुलगी चोर शोधताना बापाच्या खोलीत बघेल? लग्न मोडलं तेव्हा पप्पा जेवले नव्हते दोन दिवस. इवाताईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती त्यांनी. त्याच हातानं फोनवर फडकं धरलं होतं? देवा रे!

"मॅडम, पाणी घ्या," नागसेन घाबरून म्हणाला. "माझं काय चुकलं का?"

"नाही दादा. तुमचं काही नाही."

आणि मग तिला तो कॅलेंडरचा कोपरा आठवला. नंबर! पप्पांच्या खिशात नंबर होता. रविवारला दोन दिवस होते. दोन्ही पानं उचलून ती ताडकन उठली.

एसटीत बसल्या बसल्या तिनं इवाताईला नऊ वेळा फोन लावला. उचलला नाही. एसटी अशी चालली होती की बैलगाडीनं मागं टाकावं. रूथला त्या ड्रायव्हरचा, रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांचा, सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कानावर जगणारी बाई ती, आणि हे ऐकू आलं नाही!

घरी पोचली तर इवाताई दवाखान्यातून नुकतीच आलेली, युनिफॉर्मवरच भाकरी थापत होती. पप्पा कमिटीच्या मीटिंगला गेले होते. रूथनं दोन्ही पानं ओट्यावर ठेवली आणि बोटानं दाखवलं.

इवाताईनं वाचलं. तवा उतरवला. हात पुसले.

"अकरा वर्षं लागली तुला," ती म्हणाली.

रूथला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुला माहीत होतं?"

"त्या बाईनं दौंडला लावलं तेव्हाच. दुसऱ्या वाक्याला ओळखलं मी."

"आणि गप्प बसलीस? ताई, अगं तुझं आयुष्य..."

"काय सांगू? त्यांच्या घरात उभं राहून सांगू की हा माझा बाप? पप्पांना घरात करायला कुणीतरी हवंच होतं. मी निघून गेले असते तर त्यांच्यापाशी कोण राहिलं असतं? तू. दुसऱ्या वर्षाला होतीस. मला फार राग होता गं रूथ, अजून आहे. पण तुझं कॉलेज मोडायचं नव्हतं मला."

एका दिवसात माणसानं किती ऐकावं? तिला हुंदका फुटला, तो सावरता सावरता एकदम तिनं विचारलं, "आणि तरी काल तू त्यांना नंबर दिलास?"

इवाताईनं पिठाच्या डब्यामागून जुना फोन काढला. बटणांचा, टेपनं चिकटवलेला. "ह्याचा दिला. माझाच दुसरा नंबर आहे, त्यांना ठाऊक नसलेला. बघायचं होतं, करतात का पुन्हा. आज दहा वाजता आला, कुणाच्या तरी उसन्या फोनवरून. मी बोलले नाही, नुसतं 'हं' म्हणाले आणि रेकॉर्ड केलं."

तिनं बटण दाबलं. घोगरा आवाज आला, आता म्हातारा झालेला, मधेच धाप लागणारा. 'पोरगी चांगली हाय, राहू द्या ते. पण...'

इवाताईनं तो बंद करून ओट्यावर ठेवला. "एक शब्दसुद्धा बदलला नाही त्यांनी. तू बरोबर लिहिलंयस."

रूथनं डोळे पुसले आणि नागसेनला मेसेज टाकला: दोन्ही आवाज एकच ठेवा. बदलू नका.

बाहेर फाटक वाजलं. चपला काढल्याचा आवाज आला. पप्पा आत आले, हातात पेरूची पिशवी, इवाताईला आवडतात म्हणून आणलेली. खुर्चीत बसत त्यांनी सहज विचारलं, "काय मग, रविवारच्या पाहुण्यांचं काय? कळवलं का काही त्यांनी?"

इवाताईनं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"पाहुण्यांचं राहू द्या ते, पप्पा," ती म्हणाली. मग थांबली, ते थांबायचे बरोबर तेवढीच. "पण रविवारी मीच दौंडला जातेय, त्यांना हो सांगायला. आणि मग तिथंच राहायला."

पप्पांचा हात तांब्याकडे गेला होता, तो तिथंच राहिला. त्यांनी एकदा इवाताईकडे पाहिलं, एकदा ओट्यावरच्या त्या जुन्या फोनकडे. इवाताई परत वळली आणि तिनं तवा चुलीवर ठेवला, कारण भाकऱ्या अजून दोन करायच्या होत्या.